तिसऱ्या पोलरॉइडचा हिशेब

पोलरॉइडच्या दोन चकत्या एकावर एक धरून त्यांतून दिव्याकडे बघा. एक स्थिर ठेवून दुसरी सावकाश फिरवली की उजेड मंदावत जातो आणि एका ठिकाणी दिवा जवळजवळ दिसेनासाच होतो. त्या वेळी दोन्ही चकत्यांचे अक्ष एकमेकांशी काटकोनात असतात. आता तिसरी चकती घ्या आणि दोघींच्या मध्ये ४५ अंश तिरकी सरकवा. दिवा पुन्हा दिसू लागतो. तीच तिसरी चकती मधून काढून सगळ्यांच्या पुढे किंवा सगळ्यांच्या मागे धरली तर मात्र काळोख तसाच राहतो.

पोलरॉइड उजेड शोषून घेतो, निर्माण करत नाही. मग आणखी एक अडथळा वाढवल्यावर उजेड वाढला कसा? प्रकाशाला लाट मानून याचं उत्तर देता येतं आणि ते एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. पण दिवा इतका मंद केला की एका वेळी एकच फोटॉन चकत्यांपर्यंत पोहोचेल, तरी निकाल तोच येतो. फोटॉनचा अर्धा भाग पुढे आणि अर्धा मागे असं होत नाही. तो एक तर पार जातो, नाही तर शोषला जातो. पॉल डिरॅक यांनी १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुंजयामिकीच्या ग्रंथाची सुरुवात ध्रुवीकृत फोटॉनच्या याच कोड्याने केली. त्यांच्या उदाहरणात पोलरॉइडऐवजी टूर्मलिनचा स्फटिक होता. आज ज्या चिन्हांत हे गणित मांडतात ती त्या वेळी अजून जन्मायची होती. १९३९ साली डिरॅक यांनी जेमतेम तीन पानांचा एक लेख लिहून ती सुचवली आणि ग्रंथाच्या १९४७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती सर्वत्र वापरली. ती चिन्हं शिकायला तिसऱ्या पोलरॉइडइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही, म्हणून या प्रकरणात आपण तेवढंच धरून राहू.

केट: नाव घातलेला बाण

सरळ रेषेत येणाऱ्या फोटॉनची ध्रुवीकरणाची अवस्था आपण एका बाणाने दाखवू. त्याच्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात असलेल्या प्रतलावर हा बाण काढायचा. आडव्या पोलरॉइडमधून पार झालेल्या फोटॉनची अवस्था |आ⟩, उभ्यातून पार झालेल्याची |उ⟩. डावीकडे उभी रेघ आणि उजवीकडे टोकदार कंस असलेल्या या चिन्हाला केट म्हणतात. आत काय लिहायचं ते आपल्या सोयीवर आहे. इंग्रजी पुस्तकांत H आणि V लिहितात, आपण आ आणि उ लिहू. गणिताला काही फरक पडत नाही.

४५ अंशांचा तिरका बाण या दोघांपासून बनतो:

|त⟩ = (|आ⟩ + |उ⟩)/√2

√2 ने भागण्याचं कारण साधं आहे. आडवा एक आणि उभा एक असे बाण जोडले तर पायथागोरसच्या नियमाने लांबी √2 होते, आणि आपल्याला प्रत्येक अवस्थेची लांबी 1 ठेवायची आहे. याच्याशी काटकोन करणारा दुसऱ्या बाजूचा तिरका बाण असा:

|त′⟩ = (|आ⟩ − |उ⟩)/√2

कोणत्याही कोनासाठी हेच करता येतं: |θ⟩ = cosθ |आ⟩ + sinθ |उ⟩.

इथे एक खड्डा आहे आणि नवखा माणूस त्यात हमखास पडतो. केटच्या आत जे लिहिलं आहे ते नाव आहे, संख्या नव्हे. |30°⟩ आणि |60°⟩ यांची बेरीज |90°⟩ होत नाही. दोन्ही बाण आडव्या-उभ्या घटकांत मोडून मिळवले तर 1.366 |आ⟩ + 1.366 |उ⟩ येतं. म्हणजे दिशा ४५ अंश आणि लांबी साधारण 1.93. बेरीज बाणांची होते, पाट्यांची नाही.

ब्रा, आणि दोघांच्या भेटीतून निघणारी संख्या

आता प्रश्न असा: तिरक्या अवस्थेतला फोटॉन उभ्या पोलरॉइडवर आला, तर पार होण्याची शक्यता किती? हा प्रश्न विचारण्यासाठी डिरॅक यांनी उलट्या तोंडाचं चिन्ह घेतलं, ⟨उ|. हा ब्रा. ब्रा एकटा असला की नुसता प्रश्न असतो: ‘उभ्या दिशेने तुझ्यात किती?’ त्याच्या उजवीकडे केट आला की कंस पूर्ण होतो आणि उत्तर म्हणून एक संख्या मिळते. या संख्येला त्या दोन अवस्थांचा आंतरगुणाकार म्हणतात.

नियम फार थोडे आहेत. ⟨आ|आ⟩ = 1, ⟨उ|उ⟩ = 1, कारण लांबी 1 आहे. ⟨आ|उ⟩ = 0, कारण ते काटकोनात आहेत. बाकी सगळं साध्या बेरीज-गुणाकाराने येतं:

⟨उ|त⟩ = (⟨उ|आ⟩ + ⟨उ|उ⟩)/√2 = (0 + 1)/√2 = 1/√2

हे उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लावून घ्यावी. उजवीकडे फोटॉन ज्या अवस्थेत आला ती, डावीकडे आपण ज्या अवस्थेबद्दल विचारतो ती. मिळालेल्या संख्येला आयाम म्हणतात आणि तिच्या मापाचा वर्ग म्हणजे पार होण्याची संभाव्यता, इथे 1/2. दोन पोलरॉइडांच्या अक्षांमध्ये कोन δ असेल तर आंतरगुणाकार cosδ येतो आणि संभाव्यता cos²δ. प्रकाशाच्या तीव्रतेचा हाच नियम एतिएन-लुई मालुस या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या काळी फोटॉनची कल्पनाही नव्हती. हजारो फोटॉन मोजले की संभाव्यतेची तीव्रता होते, एवढाच दोन्हींतला दुवा.

इथवर शाळेतल्या सदिशांच्या अदिश गुणाकारापेक्षा वेगळं काही झालेलं नाही, मग ब्रा आणि केट अशी दोन वेगळी चिन्हं कशाला हवीत? त्याचं कारण वर्तुळाकार ध्रुवीकरणात दिसतं. त्या अवस्थेत आडवा आणि उभा घटक सारखेच असतात, पण एक दुसऱ्यापेक्षा पाव लाट मागे असतो. हे मागे असणं लिहायला संमिश्र संख्या लागते:

|ग⟩ = (|आ⟩ + i|उ⟩)/√2

याचा ब्रा लिहिताना i चं चिन्ह बदलायचं: ⟨ग| = (⟨आ| − i⟨उ|)/√2. केटचा ब्रा करताना प्रत्येक सहगुणकाची संयुग्मी संख्या घ्यायची, हा नियम. तो विसरलात तर काय होतं ते पाहा. चिन्ह न बदलता ⟨ग|ग⟩ काढलं तर (1 + i²)/2, म्हणजे शून्य. फोटॉन समोर आहे आणि त्याच्या बाणाची लांबी शून्य! चिन्ह बदललं की (1 + 1)/2 = 1, जसं हवं तसं. म्हणून कुठलीही नवी अवस्था लिहिली की आधी तिचा स्वतःशी आंतरगुणाकार करून बघावा. उत्तर 1 आलं नाही तर एक तर संयुग्मी घ्यायची राहिली आहे, नाही तर √2 सारखा भाजक.

आता वर्तुळाकार फोटॉन θ कोनातल्या पोलरॉइडवर पाठवू. ⟨θ|ग⟩ = (cosθ + i sinθ)/√2. मापाचा वर्ग (cos²θ + sin²θ)/2, म्हणजे 1/2, θ काहीही असो. चकती कितीही फिरवा, उजेड तेवढाच. साध्या दिव्याच्या अध्रुवीकृत प्रकाशाचंही हेच होतं, त्यामुळे नुसत्या पोलरॉइडने हे दोन प्रकाश वेगळे ओळखता येत नाहीत. पण ते एक नव्हेत. वर्तुळाकार प्रकाशाला केट आहे. अध्रुवीकृत प्रकाशाला एक असा केटच नाही, तो अनेक अवस्थांचं मिश्रण आहे. या भाषेची ती एक मर्यादा आहे आणि आपल्या हिशेबात ती एकदा आडवी येणार आहे.

प्रक्षेपक

⟨उ|त⟩ ही संख्या संभाव्यता सांगते, पण पार झालेल्या फोटॉनचं पुढे काय झालं ते सांगत नाही. उभ्या पोलरॉइडमधून बाहेर पडलेला फोटॉन उभाच असतो, आत शिरताना कसाही असो. म्हणजे पोलरॉइड दोन कामं करतो: आयाम काढतो आणि नव्या दिशेचा बाण हाती देतो. ही दोन्ही कामं लिहायला ब्रा आणि केट पाठीला पाठ लावून ठेवायचे:

P(उ) = |उ⟩⟨उ|

उजवीकडून |त⟩ आला की |उ⟩⟨उ|त⟩ होतं. मधला ⟨उ|त⟩ कंस मिटला की संख्या झाली, 1/√2. शिल्लक राहिला |उ⟩. म्हणजे (1/√2)|उ⟩, उभ्या दिशेचा, आखूड झालेला बाण. या यंत्राला प्रक्षेपक म्हणतात. आखूड बाणाच्या लांबीचा वर्ग म्हणजे पार होण्याची संभाव्यता. फोटॉन खरोखरच पार झाला असं कळल्यावर लांबी पुन्हा 1 करून पुढचा हिशेब सुरू करता येतो.

⟨उ|उ⟩ आणि |उ⟩⟨उ| ही चिन्हं दिसायला सारखी असली तरी एक संख्या आहे आणि दुसरं यंत्र. तोंडाला तोंड लागलं तर संख्या, पाठीला पाठ लागली तर यंत्र, हे पक्कं असलं की निम्मे घोटाळे टळतात. ज्यांना आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी |आ⟩ ला (1, 0) आणि |उ⟩ ला (0, 1) असे स्तंभ मानावेत. ब्रा म्हणजे त्याचीच आडवी ओळ. स्तंभ गुणिले ओळ केलं की दोन बाय दोनचा मॅट्रिक्स मिळतो:

```
|त⟩⟨त|   = ½ [ 1   1 ]
             [ 1   1 ]

|त′⟩⟨त′| = ½ [ 1  -1 ]
             [-1   1 ]
```

एकाच अक्षाच्या दोन चकत्या एकामागे एक ठेवल्या तर दुसरी काही करत नाही. चिन्हांत हे लगेच दिसतं: |त⟩⟨त|त⟩⟨त| मध्ये मधली संख्या 1, म्हणून P² = P. खऱ्या चकत्या आपल्या अक्षातलाही थोडा प्रकाश खातात, त्यामुळे दुसरीने उजेड किंचित कमी होतोच. आपला P ही आदर्श चकती आहे. कागदावरची चूक पकडायलाही हीच कसोटी वापरावी. वरच्या पहिल्या मॅट्रिक्समधला ½ विसरून वर्ग केला तर P² = 2P येतं. दोन पटींनी वाढवणारं यंत्र पोलरॉइड असणार नाही.

तीन चकत्या

पहिली आडवी, मधली तिरकी, शेवटची उभी. आडवीतून निघालेल्या फोटॉनची अवस्था |आ⟩. त्यावर आधी P(त), मग P(उ) लावायचा. जे आधी घडतं ते उजवीकडे लिहायचं:

P(उ) P(त) |आ⟩ = |उ⟩ ⟨उ|त⟩ ⟨त|आ⟩ = |उ⟩ · (1/√2) · (1/√2) = ½ |उ⟩

लांबी ½, संभाव्यता ¼. पहिल्या चकतीतून निघालेल्या प्रत्येक चार फोटॉनांमागे सरासरी एक शेवटपर्यंत पोहोचतो. मधली चकती काढली तर P(उ)|आ⟩ = |उ⟩⟨उ|आ⟩ = 0, एकही नाही. आणि तिरकी चकती मधून काढून शेवटी धरली, तर P(त)P(उ)|आ⟩ मध्ये ⟨उ|आ⟩ हा शून्य आहेच, मग पुढे काहीही गुणा. क्रम बदलला की निकाल का बदलतो ते चिन्हांकडे नुसतं पाहून कळतं.

दिव्यापासून मोजायचं झालं तर पहिल्या चकतीसाठी केट वापरता येत नाही, कारण दिव्याच्या प्रकाशाला केट नाही. तिथे थेट अर्धे धरायचे, सगळ्या कोनांची ती सरासरी आहे. दिव्यातून १००० फोटॉन निघाले तर आदर्श चकत्यांत पहिलीनंतर ५००, दुसरीनंतर २५०, तिसरीनंतर १२५.

मधली चकती ४५ ऐवजी θ कोनात ठेवली तर आयाम sinθ cosθ होतो आणि संभाव्यता ¼ sin²2θ. ३० अंशांना ती ३/१६ येते, ४५ ला सर्वांत जास्त, आणि ० किंवा ९० ला शून्य. चकती सावकाश फिरवत बसलात तर एका पूर्ण फेरीत चारदा काळोख आणि चारदा उजेड दिसतो. हे चार काळोख लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मध्ये घातलेला एक

हिशेब झाला, पण कोडं सुटलं असं वाटत नाही. अडथळा वाढवून उजेड कसा वाढला हे अजून उघड्याच प्रश्नासारखं समोर आहे. त्याचं उत्तर या चिन्हांतल्या सर्वांत कामाच्या समीकरणात आहे.

कुठलाही बाण घ्या. त्याची आडवी सावली अधिक उभी सावली केली की मूळ बाण परत मिळतो. म्हणजे दोन्ही प्रक्षेपकांची बेरीज काहीच करत नाही. ती जे आलं तेच परत देते:

|आ⟩⟨आ| + |उ⟩⟨उ| = 1

हा पूर्णता-संबंध. उजवीकडचा 1 हा आकडा नव्हे, ‘काही करू नका’ असं सांगणारं यंत्र आहे. तिरक्या जोडीलाही हाच संबंध लागू होतो. वर दिलेले दोन मॅट्रिक्स मिळवून पाहा: कर्णावर 1 आणि 1, बाकी ठिकाणी ½ आणि −½ एकमेकांना मारतात. म्हणून

|त⟩⟨त| + |त′⟩⟨त′| = 1

पण कोणतीही दोन यंत्रं घेऊन भागत नाही. आडवी आणि ४५ अंशांची अशी जोडी घेतली तर |आ⟩⟨आ| + |त⟩⟨त| चा मॅट्रिक्स हा येतो:

```
[ 3/2  1/2 ]
[ 1/2  1/2 ]
```

हा 1 नाही. बाण एकमेकांशी काटकोनात हवेत, प्रत्येकाची लांबी 1 हवी आणि जितक्या स्वतंत्र दिशा आहेत तितके बाण हवेत. फोटॉन एकाच ठरलेल्या दिशेने जातो आहे असं आपण धरलं आहे, म्हणून आपल्याला दोन पुरतात.

आता कोड्याकडे या. मध्ये काही नसताना आयाम ⟨उ|आ⟩, म्हणजे 0. ब्रा आणि केट यांच्या मधल्या रेघेच्या जागी 1 घालायला कोणाची हरकत नाही, आणि तो 1 आपण तिरक्या जोडीत लिहू:

⟨उ|आ⟩ = ⟨उ|त⟩⟨त|आ⟩ + ⟨उ|त′⟩⟨त′|आ⟩ = ½ − ½ = 0

वजाचं चिन्ह कुठून आलं ते तपासून घ्या: |त′⟩ मध्ये उभ्या घटकापुढे वजा आहे, म्हणून ⟨उ|त′⟩ = −1/√2. उत्तर शून्यच, पण आता ते शून्य कशाचं बनलं आहे ते दिसतं. आडव्यापासून उभ्यापर्यंत जायला दोन वाटा होत्या, एक त मधून आणि एक त′ मधून. दोन्ही वाटांचे आयाम सारख्याच मापाचे आणि विरुद्ध चिन्हाचे होते, म्हणून बेरीज शून्य झाली. तिरक्या पोलरॉइडने त′ ची वाट बंद केली. शिल्लक राहिला ½, आणि त्याचा वर्ग ¼. चकतीने उजेड आणला नाही. काळोख टिकवणारं उलट्या चिन्हाचं पद तेवढं शोषून टाकलं.

शंभराची नोट मोडून पन्नासाच्या दोन घेतल्या तर खिशातली रक्कम बदलत नाही, त्यातली एक कोणी काढून घेतली की बदलते. पूर्ण बेरीज मध्ये घालणं म्हणजे नोट मोडणं, पोलरॉइड घालणं म्हणजे एक पन्नास काढून घेणं. फक्त इथल्या नोटांवर वजाचं चिन्हही छापलेलं असू शकतं, म्हणून काढून घेतल्यावर कधी कधी शिल्लक वाढते.

ही नुसती कागदावरची कसरत नाही. कॅल्साइटच्या स्फटिकात शिरलेल्या प्रकाशाच्या दोन शाखा होतात आणि त्यांची ध्रुवीकरणं परस्परांशी काटकोनात असतात. स्फटिक योग्य कोनात बसवला तर एक शाखा त ची आणि दुसरी त′ ची. पुढे तसाच स्फटिक उलटा ठेवला तर शाखा पुन्हा एकत्र येतात. दोन्ही शाखांना सारखाच वेळ लागेल अशी मांडणी केली आणि ती आडव्या-उभ्या पोलरॉइडांच्या मध्ये ठेवली तर काळोख मोडत नाही. यंत्राने 1 ची भूमिका बजावली. एका शाखेत काळा पुठ्ठा घातला की उजेड येतो.

नवख्याची दुसरी हमखास चूक इथे होते. तो प्रत्येक वाटेची संभाव्यता काढतो, ¼ आणि ¼, आणि दोन्ही वाटा उघड्या असताना ½ उजेड यावा असं म्हणतो. आधी आयाम मिळवायचे आणि मग वर्ग करायचा. फोटॉन कुठल्या शाखेतून गेला याची खूण कुठेही राहिली, तरच संभाव्यता मिळवायच्या, आणि तसं केलं तर खरोखरच ½ मिळतो.

बेसॉल्टची पातळ चकती

दोन्ही शाखा उघड्या आहेत, पण एक जरा मागे पडते असं झालं तर? मग त′ च्या पदाला एक कोन चिकटतो आणि मधलं यंत्र 1 राहत नाही:

U = |त⟩⟨त| + e^(iφ) |त′⟩⟨त′|

⟨उ|U|आ⟩ = ½ (1 − e^(iφ)), संभाव्यता = sin²(φ/2)

φ शून्य असेल तर काळोख. मागे पडणं बरोबर अर्ध्या लाटेचं असेल तर वजाचं अधिक होतं, ½ + ½ = 1, आणि काहीही न शोषता सगळेच्या सगळे फोटॉन पार होतात. मागे पडण्याचं अंतर Δ धरलं आणि तरंगलांबी λ, तर φ/2 = πΔ/λ. म्हणजे तेच अंतर प्रत्येक रंगाला वेगळा निकाल देतं.

भूशास्त्राचे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकात रोज हेच पाहतात. दख्खनच्या बेसॉल्टचा तुकडा घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात, काचपट्टीवर चिकटवतात आणि काटकोनातल्या दोन पोलरॉइडांमध्ये ठेवतात. प्लॅजिओक्लेज या खनिजात दोन शाखांचे अपवर्तनांक साधारण 0.009 ने वेगळे असतात. त्याला जाडीने गुणलं की Δ सुमारे २७० नॅनोमीटर. सूत्रात घालून पाहा: ४२० नॅनोमीटरच्या जांभळ्याला 0.81, ५५० च्या हिरव्याला जवळपास 1, ७०० च्या तांबड्याला 0.88. सगळे रंग जवळजवळ सारखेच पार होतात, म्हणून प्लॅजिओक्लेजच्या लांबट पट्ट्या करड्या-पांढऱ्या दिसतात. शेजारच्या ऑजाइटमध्ये फरक 0.025 च्या आसपास असतो, Δ साधारण ७५० नॅनोमीटर. आता जांभळ्याला 0.39, हिरव्याला 0.83 आणि तांबड्याला अवघा 0.05. तांबडा जवळपास गळाला, कण निळसर हिरवा दिसला. प्रत्यक्षात कण कुठल्या बाजूने कापला गेला यावर फरकाचं माप बदलतं, त्यामुळे एकाच खनिजाचे शेजारी शेजारी वेगवेगळे रंग दिसतात. वरचे आकडे मोठ्यात मोठ्या फरकाजवळचे आहेत.

सूक्ष्मदर्शकाचं पीठ फिरवलं की प्रत्येक कण एका फेरीत चारदा काळा पडतो. कणाच्या दोन अक्षदिशा x आणि y मानल्या तर मधलं यंत्र |x⟩⟨x| + e^(iφ)|y⟩⟨y| होतं. x आडव्या पोलरॉइडशी जुळला की ⟨उ|x⟩ शून्य आणि ⟨y|आ⟩ हाही शून्य. दोन्ही वाटा आपोआप बंद होतात आणि φ कितीही असला तरी काही पार होत नाही. तिरक्या चकतीचे चार काळोख ते हेच.

एखाद्या चकतीत मात्र कणांच्या मधे असा भाग सापडतो जो पीठ कितीही फिरवलं तरी काळाच राहतो. ती ज्वालामुखीची काच असू शकते: लाव्हा झटकन थंड झाल्याने तिथे स्फटिक बनलेच नाहीत, सगळ्या दिशा सारख्या, φ शून्य, आणि मधलं यंत्र नुसतं 1. किंवा ते मॅग्नेटाइटसारखं अपारदर्शक खनिज असेल, ज्यातून फोटॉन मुळात पलीकडे जातच नाही. दोन्हींतलं कोणतं हे ठरवायला वरचा पोलरॉइड बाजूला सरकवतात. काच असेल तर तिथे उजेड येतो, मॅग्नेटाइट असेल तर तो भाग काळाच राहतो.